दवनीवाड्याचा न वाजणारा ग्रुप

उर्वशी रहांगडालेच्या टेलिग्राम ग्रुपात मी आलो त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. पहिले नऊ दिवस त्यात एक अक्षर आलं नाही. मला वाटलं, माझाच फोन बिघडला. मी पस्तीस वर्षं मास्तरकी करून आता घरचं वावर पाहणारा माणूस, न वाजणारी गोष्ट मला आधी बिघडलेलीच वाटते. शेवटी दवनीवाड्याच्या बसथांब्याजवळ तिचं कृषी केंद्र आहे, तिथे जाऊन विचारलं.

"बाई, मी ग्रुपात आहो की नाही?"

"आहा ना गुरुजी," ती बियाण्याची थैली तोलता तोलता म्हणाली. "सांगण्यासारखं काही झालंच नाही या आठवड्यात. मंग कायले लिहू?"

दुकानदार माणूस असं बोलतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

उर्वशी लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा कृषी शाखेची पदवी घेऊन आली होती. दुकान तिचे सासरे ग्यानीरामजी यांनी सुरू केलेलं, खतं, बियाणं, औषधं. नवरा धनेंद्र घरचं धान पाहतो आणि गोंदियाहून माल आणतो. दुकानाचा परवाना उर्वशीच्या नावावर आहे आणि दुकानात डोकंही तिचंच चालतं. पोवार समाजाच्या घरात सून गल्ल्यावर बसली म्हणून सुरुवातीला चार लोक कुजबुजले. दोन हंगामांत तेच लोक किडीनं खाल्लेलं पान खिशात घालून तिच्याकडे येऊ लागले.

या ग्रुपाच्या आधी एक ग्रुप होता, व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यात अडीचशे लोक होते. कोणालाही कोणीही घेतलेलं. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी भाषणं, संध्याकाळी कोणाचा तरी हरवलेला बैल. औषध कंपन्यांची माणसंही आत घुसली होती. बायकांचे नंबर सगळ्यांना दिसत, आणि दोघीतिघींना नको ते फोन आले तेव्हा त्या निघून गेल्या. मी स्वतः तो ग्रुप आवाज बंद करून ठेवला होता, उघडतही नसे.

मग एका आश्विनात धानावर तुडतुडे आले. उर्वशीनं बांधीत, धानाच्या खाचरात, उतरून पाहिलं आणि त्याच दिवशी ग्रुपात लिहिलं की चुडाच्या, म्हणजे धानाच्या जुडग्याच्या, बुडाशी पाहा, आजच फवारा. चार दिवसांनी रुख्माबाई दुकानात आल्या. एकट्या बाईनं कसलेलं दीड एकर, त्यातलं मधलं धान गोल गोल जळालेलं.

"सगळ्याइले सांगतलं, मलेच काऊन नाही सांगतलं?" रुख्माबाईंनी विचारलं.

उर्वशीनं तारीख-वेळेसकट मेसेज दाखवला. रुख्माबाईंनी कमरेच्या पिशवीतून आपला फोन काढून समोर धरला. त्या ग्रुपापुढे आकडा होता, सहाशे बारा. न वाचलेले.

"तू सांगतलं असशील वो बाई," त्या म्हणाल्या. "पण या बाजारात मले आयकू कसं येईल?"

त्या रागावल्या नव्हत्या, आणि हेच उर्वशीला लागलं. तिनं मला नंतर सांगितलं की त्या दुपारी ती मागच्या महिन्याचे सगळे मेसेज बसून वाचत गेली. फुलं टाकणाऱ्यांना ती शिव्या देत होती, पण चाळता चाळता दिसलं की सगळ्यात जास्त मेसेज तिचे स्वतःचेच आहेत. आज हे खत आलं, उद्या त्यावर सूट, परवा ते संपत आलं. बाजार तिनंच भरवला होता.

आठवडाभरानं तो ग्रुप तिनं बंद केला आणि टेलिग्रामवर नवा काढला, खासगी. त्यात यायला एकच वाट होती. सलग दोन हंगाम तिच्याकडून माल नेणाऱ्या माणसाला ती स्वतः लिंक पाठवी, आणि लिंक दाबली तरी तिनं मंजूर केल्याशिवाय दार उघडत नसे. दुसऱ्या कोणाला आत आणायची सोय सभासदांना ठेवलीच नव्हती. बायकांचे फोन हातात घेऊन त्यांचा नंबर कोणाला दिसणार नाही अशी सेटिंग तिनं स्वतः करून दिली. सभासद शंभराच्या वर गेल्यावर नावांची यादीही लपवली.

आत तीन कप्पे केले. 'सूचना'मध्ये फक्त उर्वशी लिहिणार. 'विचारा'मध्ये कोणीही प्रश्न टाकावा, पानाचा फोटो टाकावा, पण एकदा लिहिलं की त्याच माणसाला तासभर पुन्हा लिहिता येत नसे. तशी सोय त्या अ‍ॅपमध्ये आहे. लिंक आणि हलणारी चित्रं सगळ्यांनाच बंद. तिसरा कप्पा 'नवीन माल'. त्यात फार तर सोमवारी एक मेसेज, तोही नवा माल आला असेल तरच, आणि तिनंच सगळ्यांना शिकवलं की हा कप्पा नको असेल तर एवढाच गप्प कसा करायचा. स्वतःची जाहिरात बंद कशी करायची हे गिऱ्हाइकाला शिकवणारी बाई! ग्यानीरामजींना तर हे पटेच ना.

"सून काय करून राहिली समजत नाही," ते माझ्याकडे येऊन म्हणाले. "तीनशे लोक हाती हायेत, अन् ही चूप बसली."

आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. ती सगळे मेसेज आवाजाशिवाय पाठवायची. पाठवायचं बटण दाबून धरलं की तसा पर्याय येतो. मेसेज पोचतो, दिसतो, पण फोन वाजत नाही. "लोक दुपारी जेवून पडतात, कोणाच्या घरी लेकरू झोपलं राहते," ती म्हणाली. "खताची गाडी आली हे सांगाले कोणाले उठवू कायले?" मी मान डोलावली. त्यामागे आणखी काय आहे ते मला तेव्हा समजलं नाही.

खरी कसोटी शालीकरामजींनी पाहिली. हे आमचे माजी सरपंच, बारा एकरांचे धनी, दुकानाचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. त्यांना रोज पहाटे सुविचार पाठवायची सवय. त्यांनी 'विचारा'मध्ये उगवत्या सूर्याचा फोटो टाकला. उर्वशीनं तो काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा टाकला. तिनं पुन्हा काढला, आणि दुकान उघडायच्या आधी त्यांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. मी तिथे चहाला बसलो होतो.

"काकाजी, तुमचा फोटो मी काढला. दुसऱ्याकडून कळाच्या आधी स्वतःच सांगाव म्हटलं."

"देवाचं नाव होतं त्यावर. त्यात वाईट काय होतं?"

"वाईट काहीच नाही. पण तुमचा ठेवला तं तीनशे लोकाइचे ठेवा लागतीन. मंग रुख्मामावशीले माहा मेसेज सापडन का?"

"मी सरपंच होतो या गावचा," शालीकरामजी म्हणाले. "मले तू नियम शिकवतं?"

"तुमाले नाही शिकवत. माह्यासाठीही तोच नियम आहे."

शालीकरामजींनी तिच्यासमोरच फोन काढला आणि ग्रुप सोडला. उर्वशीनं नमस्कार केला, वहिनींना विचारलं की गुडघे कसे आहेत, आणि गेली. माल ते तिच्याकडूनच नेत राहिले, कारण तिच्याइतकं कोणी समजावून देत नाही. पण बोलणं तुटलं.

औषध कंपनीचा एक माणूसही येऊन गेला. आठवड्याला एक जाहिरात टाका, दोघांचं गोव्याचं तिकीट. धनेंद्रचे डोळे चमकले. उर्वशीनं त्या माणसाला चहा पाजला आणि म्हणाली, "भाऊ, ते लोक माह्या भरवशावर आत बसले हायेत. तिकिटावर नाही."

मला हे सगळं कौतुकाचं वाटायचं, पण थोडं हट्टीपणाचंही. इतकं शांत राहून काय साधतं?

ते मागच्या श्रावणात दिसलं.

रोवणी होऊन वीसेक दिवस झाले होते. चार दिवस पाऊस लागून राहिला आणि पाचव्या दिवशी दुपारी आभाळ उघडलं. धानात तण वाढलेलं, सगळ्यांना एकदम तणनाशक हवं. संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उर्वशीनं नवा खोका फोडला आणि बाटल्या देत गेली. बिलं लिहीत होती, मापं सांगत होती, पाणी काढून फवारा म्हणत होती. एकोणीस बाटल्या गेल्या.

सकाळी पावणेसहाला ती दुकान झाडायला आली. खोका उचलून बाजूला ठेवताना त्याच्या अंगावरचं नाव वाचलं आणि खोका दारातल्या उजेडात ओढून पुन्हा वाचलं.

तीच कंपनी, तीच पांढरी बाटली, तेच हिरवं झाकण, नावात दोन अक्षरांचा फरक. धानातलं तण मारणारं औषध वेगळं. हे होतं बांधावर, पडीक जागेवर मारायचं. तण पाहत नाही, धान पाहत नाही, हिरवं दिसेल ते जाळतं. तिनं स्वतःच्या हातानं एकोणीस घरांत ते दिलं होतं, आणि आभाळ मोकळं होतं. दव सुकलं की लोक टाकी पाठीला लावणार.

धनेंद्र म्हणाला, "एकेकाले फोन लावू."

"लाव तू. पण अर्ध्याइचे फोन घरी राहतीन अन् ते बांधीत," ती म्हणाली. तोवर ती लिहू लागली होती.

मी तेव्हा परसात दात घासत होतो. ओट्यावरचा फोन वाजला. ओळखीचा आवाज नव्हता तो, म्हणजे या ग्रुपाचा आवाज कसा असतो हे मला माहीतच नव्हतं. क्षणभरानं पुन्हा वाजला. मेसेज तिनं आवाजासकट टाकला होता आणि मग सगळ्यांना कळवून वर टाचला, म्हणजे पिन केला होता. असं टाचलं की ज्यानं ग्रुप गप्प करून ठेवला त्याच्याही फोनला खबर जाते. दोन वर्षांत तिनं हे एकदाही केलं नव्हतं.

मी वाचलं:

"काल संध्याकाळी आमच्या दुकानातून तणनाशक नेलं त्यांनी ते फवारू नका. माझी चूक झाली. ते धानाचं नाही, बांधावरचं आहे, धान जळेल. टाकीत भरलं असेल तर कुठे ओतू नका, टाकी खाली ठेवा, मी येते. बाटलीचा फोटो 'विचारा'त टाका. शेजाऱ्यानं नेली असेल तर पळत जाऊन सांगा. उर्वशी."

'माझी चूक झाली' हे तीन शब्द मी दोनदा वाचले. खोका कंपनीनं चुकीचा भरला असं ती लिहू शकली असती. तीनशे गिऱ्हाइकांसमोर, ज्यांच्या भरवशावर दुकान उभं आहे त्यांच्यासमोर, एवढ्या सकाळी तिनं चूक स्वतःवर घेतली होती.

'विचारा' उघडलं तर तासाभराचं बंधन तिनं काढून टाकलं होतं आणि फोटो येऊ लागले होते. हिरव्या झाकणाची बाटली, बंद, ओट्यावर. बाटली सायकलच्या कॅरिअरला. बाटली एका लहान हातात. सावित्रीबाईंनी लिहिलं, "माही टाकी भरली होती, खाली ठेवली." खुशालनं लिहिलं, "नूतनचा फोन लागत नाही, मी त्याच्या वावरात जाऊन राहिलो," आणि सात मिनिटांनी नूतनच्या बाटलीचा फोटो आला, धापा टाकणाऱ्या खुशालनं काढलेला, हललेला. ज्यांनी बाटली नेलीच नव्हती असे लोक धुऱ्याधुऱ्यानं, बांधांवरून, पळत होते. कोणी एक शब्द जास्तीचा लिहीत नव्हतं. ना प्रश्न, ना हळहळ, ना हात जोडलेलं चित्र. दोन वर्षांत त्या माणसांना ही सवय कधी लागली? मी त्यातलाच एक, आणि मला पत्ता नव्हता. मी परसात तोंडात फेस घेऊन तसाच उभा होतो.

साडेसहाला सतरा झाले. अठरावा रुख्माबाईंचा. फोटोत बाटली होती आणि खाली लिहिलं होतं, "आयकू आलं."

एकोणिसावं नाव कोणाचं, हे उर्वशीनं मला फोन करून सांगितलं. "गुरुजी, शालीकरामकाका. ते ग्रुपात नाहीत, फोन उचलत नाहीत. तुमचं वावर त्याइच्या बाजूले आहे."

मी गाडी काढली. चिखलात दोनदा घसरलो, शेवटी गाडी टाकून धावलो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. शालीकरामजी नेहमीच दव सुकायच्या आधी कामाला लागणारे. टाकी पाठीला होती आणि अर्धी बांधी फवारून झाली होती. मी ओरडलो तशी त्यांनी पंपाची दांडी सोडली.

पाठोपाठ उर्वशी आली. धनेंद्र पंप घेऊन मागे. गडी लावून धानावर साधं पाणी मारायला सुरुवात केली, धुतलं जाईल तेवढं धुवायला. उर्वशी चिखलात उभी राहून शालीकरामजींना म्हणाली, "काकाजी, चूक माही आहे. खोक्यावरचं नाव मी वाचलं नाही. तुमचं जे जाईन ते भरून देणं माह्यावर."

शालीकरामजींनी पाठीवरची टाकी उतरवून खाली ठेवली. मग विचारलं, "बाकीच्याइचं काय झालं?"

"अठरा घरं होती. सगळे वाचले."

"अठराच्या अठरा?"

"हो."

"किती टायमात?"

"पाऊण तास."

ते धुऱ्यावर बसले. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो. निवडणुकीतही त्यांचा चेहरा असा उतरलेला पाहिला नाही. म्हणाले, "मी सरपंच होतो तेव्हा दवंडी दिली तरी पाऊण तासात पन्नास लोक नाही यायचे."

पाचव्या दिवशी त्या बांधीतला हात-दोन हातांचा नव्हे, चांगला मोठा पट्टा पिवळा पडला आणि मग गेला. उर्वशीनं ग्रुपात फोटोसकट कळवलं, आवाजाशिवाय: अठरा जणांकडून बाटल्या परत आल्या, बदलून दिल्या, एक बांधी गेली. एवढंच. कोणाचं नाव नाही, ते गावाला माहीतच होतं. मागणी तर नाहीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शालीकरामजींच्या धुऱ्यावर माणसं येऊन उभी राहिली. ज्याच्या बांधीत धान दाट होतं त्यानं चुडातल्या दोन-दोन काड्या मुळासकट काढून आणल्या होत्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. अठरा घरांतून तर आल्याच, ज्यांनी बाटली नेली नव्हती त्यांच्याकडूनही आल्या. बायका वाकून रोवू लागल्या. दुपारपर्यंत पट्टा हिरवा झाला. उर्वशी त्यांच्यात होती, गुडघाभर चिखलात, आणि मी पाहिलं की ती कोणाकडे मान वर करून पाहतच नव्हती. 

त्या आठवड्यात शालीकरामजींची विनंती ग्रुपाच्या दाराशी आली. तिनं मंजूर केली. त्यानंतर त्यांनी तिथे एकदाच लिहिलं, पानावरच्या करप्याबद्दल.

दिवाळीच्या सुमारास तिचा मावसभाऊ हिमांशू कोहमाऱ्याहून आला. हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे, ट्रकवाल्यांची ये-जा. त्यालाही असा ग्रुप हवा होता. मी दुकानात बसलेलो. त्यानं फोन पुढे केला, "ताई, तुह्यासारखा बनवून दे. कप्पे-बिप्पे सगळे."

"कप्पे दहा मिनिटांत होतीन," उर्वशी म्हणाली. तिनं गल्ल्याखालून एक शाळकरी वही काढली. "हे पाह्य."

मीही मान लांब करून पाहिली. पानापानावर मेसेज होते, तिच्या बारीक अक्षरात. बहुतेकांवर काट मारलेली. नवीन खत आलं, काट. गणपतीच्या शुभेच्छा, काट. अमुक औषधावर सूट, काट. एका पानावर तर काट न मारलेला एकही नव्हता.

"हे काय आहे?" हिमांशूनं विचारलं.

"न पाठवलेले. मनात आलं का पहिले इथे लिहितो. चहा पितो. मंग विचार करतो, हा मेसेज नाही गेला तं कोणाचं काही बिघडते का? नाही बिघडत तं काट."

मी पानं उलटत गेलो. दोन वर्षं आम्हा तीनशे लोकांना जी शांतता लाभली होती ती अशी रोज बसून, काट मारून केलेली होती. मला वाटायचं, ही काही करत नाही म्हणून ग्रुप शांत आहे. आपल्याला किती कमी कळतं हे एका शिक्षकाला समजायला म्हातारपण यावं लागलं.

"तुह्या ट्रकवाल्याले रस्त्यात असताना कोणती गोष्ट कळलीच पाहिजे?" तिनं हिमांशूला विचारलं. "एक सांग. एकच."

तिनं वहीचं शेवटचं कोरं पान फाडून त्याच्यापुढे ठेवलं आणि दारात आलेल्या बाईच्या हातातलं वांग्याचं पान पाहायला वळली.

हिमांशूनं पेन घेतलं. बाहेर गोंदियाची बस येऊन थांबली, माणसं उतरली, बस निघून गेली. त्याचं पान अजून कोरंच होतं.